चौदा महिन्यांची गैरहजेरी आणि मागची चौदा वर्षे

प्रश्न: "रजा संपल्यावर बरेच महिने हजर झालो नव्हतो, नंतर रुजू करून घेतलं. आता पेन्शन प्रकरणात आक्षेप आलाय. आधीची सगळी सेवा जाणार का?"

आधी सेवापुस्तक उघडा आणि त्या कालावधीपुढे नेमकं काय लिहिलंय ते वाचा. "असाधारण रजा" की "सेवाखंड", यावर सगळं ठरतं. असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा असेल तर फार तर तेवढे महिने वजा होतात. सेवाखंड असेल आणि तो क्षमापित, म्हणजे माफ केलेला नसेल, तर त्याआधीची सेवाच बाद होते.

मी राज्य शासनाच्या जुन्या पेन्शनबद्दल बोलतोय, म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२.

आमच्या एका सहकाऱ्याचं उदाहरण देतो. नोकरी १ जुलै १९९२ ते ३० जून २०२४, बत्तीस वर्षं. आईच्या आजारपणासाठी मंजूर रजा घेतली आणि ती संपल्यावर १ एप्रिल २००६ ते ३१ मे २००७ असे चौदा महिने ते आलेच नाहीत. रुजू करून घेतलं, पण त्या चौदा महिन्यांचा आदेश कोणीच काढला नाही. कोरी राहिलेली ही ओळ सतरा वर्षांनी पेन्शन प्रकरणात अडकली.

सेवाखंड धरला असता तर १ जून २००७ पासूनची १७ वर्षं १ महिना एवढीच अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा उरली असती, म्हणजे ३४ सहामाही. दर सहामाहीला पाव महिन्याचं वेतन या हिशेबाने साडेआठ महिन्यांचं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. असाधारण रजा धरली तर ३० वर्षं १० महिने उरतात. तीन महिने किंवा त्याहून जास्त उरले की ती पूर्ण सहामाही, म्हणून ६२ सहामाही आणि साडेपंधरा महिन्यांचं वेतन.

त्यांनी नियम ४८(१) खाली खंड क्षमापनाचा अर्ज करायचं ठरवलं होतं. मी थांबवलं, कारण तिथे खंड एक वर्षापेक्षा जास्त चालत नाही. त्यांच्यासाठी वाट होती नियम ४७ ची. मंजूर रजेला लागून गैरहजेरी असेल आणि तोवर ते पद कायमस्वरूपी भरलं नसेल, तर मागची सेवा जात नाही. शिवाय ४७(२) नुसार विनापरवाना गैरहजेरी मागाहून असाधारण रजेत बदलता येते. त्यांनी मंजूर रजेचा आदेश, रुजू अहवाल आणि पद रिक्त असल्याचा आस्थापनेचा दाखला जोडून नियुक्ती प्राधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आदेश आला, सेवापुस्तकात त्याच्या क्रमांक-तारखेसह सहीची नोंद झाली आणि आक्षेप निघाला.

तुम्ही स्वतः आजारी होतात का? मग त्या वेळचं वैद्यकीय प्रमाणपत्र शोधा. वैद्यकीय कारणास्तव असाधारण रजा असेल तर तो कालावधीही सेवेत मोजला जातो. आदेशात "वैद्यकीय प्रमाणपत्रावर" हे शब्द आलेच पाहिजेत, नाहीतर पडताळणीत तेवढे महिने वजा होतील. आता नव्याने काढलेलं मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मात्र जोडू नका.

राजीनामा, बडतर्फी किंवा संपामुळे पडलेला खंड असेल तर तो आपोआप क्षमापित धरला जात नाही. तुमचा तसा असेल तर इथे सांगा, त्याचा विचार वेगळा करावा लागेल.