पान लागलेल्या गुराचा दोर आधी सोडा

"गाईला किंवा शेळीला साप चावला तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? चावलाय हे ओळखायचं कसं? आमच्याकडे वर दोर आवळतात आणि तूप पाजतात, ते करावं का?"

तूप पाजू नका, दोर आवळू नका. हे दोन्ही आमच्या गोठ्यात एकाच शेळीवर झालंय आणि त्या वेळी तिचा जबडा मी धरला होता, म्हणून एवढं ठाम लिहितोय.

आम्ही राजापूर तालुक्यातले, घर सड्याला लागून. कातळावर फुरसं आम्हाला नवीन नाही. शेळी संध्याकाळी गडग्यापाशी चरत होती, मागच्या पायाला खुराच्या वर फुरसं चावलं. अप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, ढोपराच्या वर सुंभ करकचून बांधला. मग विषावर उतारा म्हणून बाटलीत पावशेर तूप कोमट केलं. मी मान वर ताणून धरली आणि ते ओतत गेले. ती खोकली, ठसकली, नाकातून पांढरा फेस आला. अप्पा म्हणाले, "बघ, वीख बाहेर पडतंय." रात्रभर तिची छाती घरघरत होती. सकाळी गेली.

डॉक्टरांनी ती माझ्यासमोर फाडली. फुप्फुसांचा खालचा भाग जड, गडद आणि तुपाने चिकट झालेला. सुंभाच्या खालचा पाय थंडगार, काळानिळा. डॉक्टर एवढंच म्हणाले, "विषाने कदाचित वाचली नसतीही. पण मेली ती तुपाने."

मान वर ताणली की जनावराला धड गिळता येत नाही आणि ओतलेलं सरळ श्वासनळीत जातं. तूप असो, चिंचेचं पाणी असो की कुठल्या मुळीचा रस. नाग किंवा मण्यार चावली असेल तर गिळण्याचे स्नायूच ढिले पडलेले असतात, मग पाजलेलं साधं पाणीसुद्धा फुप्फुसात जाईल. आणि दोराचं म्हणाल तर फुरसं आणि घोणस यांचं विष जिथे साठतं तिथलं मांस सडवतं. आवळलेल्या दोराने ते तिथेच कोंडतं आणि वर रक्तही तुटतं. विष चढायचं ते चढतंच, पाय मात्र हकनाक जातो. कापणं, डागणं, मिरची चोळणं, बर्फ लावणं हे सगळं याच माळेतलं. रक्त गोठेनासं झालेल्या जनावराला ब्लेडने कापलं तर ते थांबायचं नाव घेत नाही. कोणी आधीच दोर बांधून ठेवला असेल आणि बराच वेळ झाला असेल तर मात्र झटक्यात कापू नका. डॉक्टरला फोनवर विचारून हळूहळू सैल करा, कारण अडलेलं विष एकदम अंगात जातं.

अप्पांना यातलं काहीच पटलं नाही. शेळी विषाने मेली, तूप कमी पडलं, हे त्यांचं म्हणणं आजही आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, भाद्रपदात, गौरी-गणपती पोचवून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आमची तांबू गाय सड्यावरून तिन्हीसांजेला परत आली ती मान झटकत. नाक खांबावर घासत होती, लाळ गुलाबी दिसत होती. जवळ जाऊन बघितलं तर डाव्या नाकपुडीच्या बाजूला रक्ताचा एक थेंब होता. पुसला, परत आला. पुसला, परत आला. पातळ, पाण्यासारखा. दातांच्या खुणा शोधत बसू नका, केसात त्या सापडत नाहीत आणि सूज आली की मिटतात. चरणाऱ्या गुराला चावा बहुतेक नाकाला, ओठाला नाहीतर पायाला बसतो, कारण तोंड गवतात असतं. गुराख्याने सांगितलं की करवंदीच्या जाळीतून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला होता. म्हणजे घोणस. तेवढं पुरे होतं, साप शोधायला आम्ही कोणी गेलो नाही.

मी घड्याळ बघितलं, पावणेसात. सूज ओठापासून जबड्यापर्यंत होती, तिच्या कडेला चुन्याची रेघ ओढली. पाऊण तासाने ती रेघ सोडून सूज चार बोटं पुढे, डोळ्याखाली गेली होती. गांधीलमाशी चावली तरी तोंड सुजतं, पण ती सूज अशी तासातासाला पुढे सरकत नाही आणि त्यातून रक्त पाझरत नाही.

पहिला फोन आमच्या डॉक्टरांना, दुसरा गुरांच्या सरकारी मदत क्रमांकाला, १९६२ला. किती वाजता, कुठे चावला, सूज कुठवर आलीय आणि रक्त थांबतंय का, एवढं सांगितलं. आणि एक गोष्ट विचारली, जी शेळीच्या वेळी सुचली नव्हती: सर्पदंशाची लस आहे का तुमच्याकडे? नव्हती. मग भाच्याला मोटरसायकलवरून राजापुरात मेडिकलमध्ये पिटाळला आणि त्याला नक्की काय आणायचं ते डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. हे विचारलं नसतं तर डॉक्टर आमच्या खळ्यात येऊन हात चोळत बसले असते. माणसाला देतात तीच लस गुरालाही चालते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर ती काम करते. चापड्यावर करत नाही.

आता मुख्य गोष्ट. तांबूच्या तोंडावर म्होरकी होती. सूज वाढली तशी नाकावरची दोरी मांसात रुतत गेली. मी दोरीखाली बोट घालायला गेलो तर ते शिरेना. दोरी ओली, चिकट, आणि तिच्या वरखाली कातडी वळ्यांसारखी फुगलेली. नाकपुड्यांच्या दोन फटी तेवढ्या उरल्या होत्या, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. अप्पा म्हणत होते म्होरकी राहू दे, तिनेच डोकं धरून औषध पाजायचंय. मी कोयती घेतली, पाठीकडची बाजू कातडीला लावून गाठीपाशी दोरी कापली. नाकावर बोटभर खोल चर पडली होती. दोरी निघाल्यावर दोनचार मिनिटांत शिट्टी कमी झाली. चावा तोंडाला असेल तर विष चढण्याआधी गुदमरून जनावर जाऊ शकतं, म्हणून म्होरकी, वेसण, गळ्यातली घुंगरमाळ, सगळं सूज येण्याआधी काढा. सूज आल्यावर काढायला फार उशीर होतो.

पुढे काही करायचं नव्हतं, हेच अप्पांना सहन होत नव्हतं. ती उभी होती तिथेच उभी राहू दिली, गोठ्यापर्यंतही चालवली नाही, कारण चालताना स्नायू विष लवकर पसरवतात. नंतर ती बसली तेव्हा आडवी पडू दिली नाही. दोन्ही बाजूंनी पेंढ्याचे भारे लावून उरावर बसती ठेवली. गुरं आडवी पडून राहिली की पोट फुगतं आणि श्वास अडतो. पाण्याची बादली तोंडासमोर ठेवली, प्यायची तर स्वतः पिईल.

डॉक्टर साडेआठला आले. काचेच्या दोन कोऱ्या, कोरड्या नळ्यांत रक्त घेतलं, एकीत तांबूचं आणि दुसरीत शेजारच्या धडधाकट गाईचं. दोन्ही नळ्या ओट्यावर वीस मिनिटं न हलवता ठेवल्या. मग वाकडी केली तेव्हा शेजारच्या गाईचं रक्त घट्ट बसलं होतं, तांबूचं काकवीपेक्षाही पातळ, नळीच्या तोंडाशी आलं. अप्पांनी ते स्वतः बघितलं. लस सलाइनमधून, शिरेतून, हळूहळू दिली. चाव्याभोवती लस टोचत नाहीत. मांडीत कुठलंच इंजेक्शन दिलं नाही, कारण अशा रक्ताला प्रत्येक सुईच्या जागी गाठ धरते. घरातली दुखण्याची सुई आधी मारून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

पुढे चार दिवस तिला चावता येत नव्हतं. तांदळाची पातळ पेज घमेल्यात उंचावर ठेवायचो, ती जिभेने ओढायची. डाव्या ओठावरची तळहाताएवढी कातडी गळून पडली. दूध काही दिवस काढून टाकलं. गाय वाचली.

त्या रात्री अप्पांनी डॉक्टरांच्या आधी एकाला बोलावून मंतरलेलं पाणी शिंपडून घेतलं होतं. त्यांच्या मते गाय त्या पाण्याने वाचली. मी त्यांना एवढंच विचारतो, पाणी शिंपडून तासभर झाल्यावर नळीत रक्त का गोठलं नाही? बरेचदा साप चावतो पण विष सोडत नाही, नाहीतर चावणारा साप बिनविषारीच असतो. ती गुरं काहीही न करता वाचतात आणि श्रेय पाण्याला जातं. ज्याच्यात विष उतरलंय त्याचे तेवढ्यात दोन तास वाया जातात.

शेळीचं तुम्ही विचारलंय. करायचं तेच, फक्त वेळ कमी. आमची गाय अडीचशे किलोची, शेळी पंचवीसची, आणि सापाने सोडलेलं विष दोघींना तेवढंच. म्हणूनच लस वजनावर मोजत नाहीत. शेळी लहान म्हणून पाव बाटली द्या, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शेळी उचलून गाडीत घालता येते, तेव्हा डॉक्टरची वाट बघण्यापेक्षा तिलाच घेऊन जा, उरावर बसवून.

नाग आणि मण्यारीचं चित्र वेगळं असतं. रात्री वाड्यात मण्यार चावली तर सूज जवळजवळ नसतेच. पापण्या झुकतात, लाळ गळते, जीभ बाहेर येते, मागचे पाय डुलतात, मग जनावर बसतं ते उठत नाही. तिथे रक्ताची वाट बघत बसलात तर फसाल.

आणखी एक, जे मला आधी लिहायला हवं होतं. पावसाळ्यात गळ्याखाली सूज आली की लोक साप म्हणतात, पण ती घटसर्पाची असू शकते. नावात सर्प आहे तरी तो जंतूचा आजार आहे आणि त्याचं औषध वेगळं. थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं धरा. गाईचं तापमान एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असतं. १०५-१०६ लागलं तर घटसर्प धरून डॉक्टरला तसं सांगा. तसंच लाल लघवी घोणशीनेही होते आणि गोचीडतापानेही, म्हणून अंगावर गोचिड्या आहेत का तेही बघून ठेवा.

आणि सकाळी गोठ्यात गुरू मेलेलंच सापडलं, नाकातून गुदातून न गोठलेलं काळं रक्त आलेलं असलं, तर साप चावला असं ठरवून ते फाडू नका, ओढत नेऊ नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग, असू शकते आणि ती माणसाला लागते. डॉक्टर येऊन कानाच्या शिरेतलं रक्त तपासेपर्यंत पोरांना आणि कुत्र्यांना तिथून लांब ठेवा.