वडिलांचं जुनं व्हीएमसी मशिन नव्या कंपनीत घेतलं तर स्टार्टअपची करसवलत जाते का?

"आमचं बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांचं मशिन शॉप आहे. मी २०२३ च्या जुलैमध्ये वेगळी प्रा. लि. काढली, केंद्राच्या उद्योग विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, स्टार्टअप मान्यताही मिळाली. म्हणजे आता तीन वर्षं टॅक्स नाही ना? आणि वडिलांचा व्हीएमसी कंपनीच्या नावावर केला तर चालेल का?"

नाही, मान्यता मिळाली म्हणून टॅक्स माफ होत नाही. आयकर कायद्याच्या कलम ८०-आयएसीची तीन वर्षांची सवलत हवी तर आंतर-मंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते फार थोड्यांना मिळतं. मान्यताप्राप्त स्टार्टअप लाखाच्या वर असताना मे २०२५ पर्यंत हे प्रमाणपत्र साधारण ३,७०० जणांकडेच होतं. अर्ज स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर करायचा. तुमच्या वस्तूत नवीन काय आहे, हे मंडळ बघतं. "आम्ही गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवतो" एवढंच लिहिलंत तर ते जॉबवर्क ठरतं. डिझाइन तुमचं असेल तर आधीचा पार्ट कुठे फेल व्हायचा आणि तुमच्या डिझाइनने काय बदललं, हे चाचणीच्या आकड्यांसह दाखवा.

बाकी अटी तुम्हाला अवघड नाहीत: कंपनी किंवा एलएलपी हवी, स्थापना १ एप्रिल २०१६ नंतरची हवी आणि ज्या वर्षी सवलत घ्याल त्या वर्षी उलाढाल १०० कोटींच्या वर जाता कामा नये. साधी भागीदारी फर्म डीपीआयआयटीला चालते, या कलमाला चालत नाही.

आता व्हीएमसी. आधी वापरलेली मशिनरी नव्या धंद्यात आणली तर तिची किंमत एकूण मशिनरीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. समजा वडिलांच्या मशिनची किंमत १२ लाख आणि तुमची नवी मशिनं ३६ लाखांची. एकूण ४८ लाख झाले, त्यात जुनं २५ टक्के, म्हणजे सवलत गेली. नवी मशिनं ४८ लाखांची असतील तर एकूण ६० लाखांत १२ लाख बरोबर २० टक्के बसतात. त्याहून मोठा धोका असा की मशिनबरोबर वडिलांची गिऱ्हाइकं, कामगार आणि ऑर्डरीही तुमच्याकडे आल्या, तर जुनाच धंदा फोडून नवीन नावाने उभा केला असं अधिकारी म्हणू शकतो. माझं मत विचाराल तर मशिन वडिलांकडेच राहू दे आणि त्यांच्याकडून जॉबवर्क करून घ्या. फक्त दर बाहेर चालतो तोच लावा. घरचं म्हणून स्वस्तात करून घेतलंत तर तुमचा नफा फुगवलेला दिसतो, आणि तेवढा भाग अधिकारी सवलतीतून कापू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रिटर्न भरताना. अकाउंटंट चांगल्या हेतूने 10-IC फॉर्म भरून २२ टक्क्यांचा कमी दर घेतो. तो दर एकदा घेतला की मागे येता येत नाही, आणि त्यात ८०-आयएसी बसत नाही. तुम्ही तो भरलाय का, हे आजच आयकर पोर्टलवर "e-File" मधे जाऊन आधी भरलेल्या फॉर्ममध्ये बघा.

तो भरलेला नसेल तर २०२५-२६ साठी हिशेब असा. नफा ४० लाख, मागचा तोटा नाही असं धरू. २५ टक्के दर आणि ४ टक्के सेस मिळून कर १०.४० लाख होतो. २२ टक्क्यांच्या मार्गाने सरचार्ज आणि सेस धरून जवळपास १०.०७ लाख. सवलत घेतली तर साधा कर शून्य, पण मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान कर, १५ टक्के दराने सेससह भरावाच लागतो: ६.२४ लाख. "टॅक्स हॉलिडे" म्हणजे शून्य असं धरून ॲडव्हान्स टॅक्स न भरणाऱ्यांना पुढे व्याज लागतं ते याच आकड्यावर.

तीन वर्षं सलग घ्यावी लागतात, पण स्थापनेपासूनच्या दहा वर्षांतली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवता. तुमची मुदत २०३२-३३ पर्यंत आहे. मागचा तोटा शिल्लक असताना पहिलं वर्ष सुरू करू नका, तो आधी वजा होतो आणि सवलतीला थोडाच नफा उरतो. दावा करायच्या वर्षी सीएचा ऑडिट रिपोर्ट 10CCB साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत आणि रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत गेलंच पाहिजे. रिटर्न उशिरा गेलं की त्या वर्षाची सवलत गेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कलम, फॉर्म क्रमांक आणि मॅटचा दर नव्याने तपासा.

कंपनी कायद्यातली कागदपत्रांची सूट मात्र मान्यतेवरच मिळते, मंडळाच्या प्रमाणपत्राची वाट बघायला नको. तुमच्या प्रा. लि.ला वर्षाला चारऐवजी दोनच बोर्ड मीटिंगा पुरतात, कॅलेंडर वर्षाच्या दोन्ही सहामाहीत एकेक आणि मध्ये किमान ९० दिवस. ताळेबंदासोबत कॅश फ्लोचं पत्रक जोडावं लागत नाही. ही सूट टिकायला आर्थिक पत्रकं आणि वार्षिक रिटर्न कंपनी रजिस्ट्रारकडे वेळच्या वेळी भरलेली असावी लागतात. कंपनी हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला हलवून यातलं काही वाढत नाही, आयकर आणि कंपनी हे दोन्ही केंद्राचे कायदे आहेत.