मूळ कंपनीला ८ टक्के नफ्याने बिल केलं तर काय बिघडलं?

प्रश्न: आमची पुण्यातली कंपनी फक्त अमेरिकेतल्या मूळ कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. खर्चावर ८ टक्के लावून बिल करतो. पैसा घरातल्या घरातच, मग आयकर खात्याला काय त्रास?

उत्तर: घर एक असलं तरी कर घेणारे दोन आहेत. तुम्ही कमी बिल केलंत की नफा तिकडे सरकतो आणि इथला कर बुडतो. म्हणून खातं विचारतं, हेच काम परक्या गिऱ्हाइकासाठी किती नफ्यावर केलं असतं?

समजा तुमचा खर्च १०० कोटी, बिल १०८ कोटी. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांचे खर्चावरचे नफे चढत्या क्रमाने मांडतात. अशा निदान सहा कंपन्या असल्या तर ३५व्या ते ६५व्या पर्सेंटाइलमधला पट्टा मान्य होतो. तो १२ ते १८ टक्के निघाला, तर तुमचे ८ बाहेर पडले. मग पट्ट्याचा खालचा काठ नव्हे, मध्यक धरतात. तो १५ असेल तर बिल ११५ कोटींचं मानून ७ कोटी उत्पन्नात वाढतात.

खरं भांडण होतं ते तुलनेच्या यादीवर. स्वतःचं प्रॉडक्ट विकणारी कंपनी त्यात घुसली की मध्यक फुगतो. ती आधी शोधा.