रिपोर्टमधली निरीक्षणं: आधी मोठी रक्कम, मग बाकीचं

*प्रश्न: मी एजन्सीत नवीन आहे. दर महिन्याला गूगल ॲड्सचा रिपोर्ट करते. निरीक्षणांचे पंधरा-वीस मुद्दे लिहूनही क्लायंट फोन करून विचारतो, "बरं, मग करायचं काय?" हा भाग लिहायचा कसा?*

माझ्या जुन्या रिपोर्टमध्ये पहिला मुद्दा असायचा, "अमुक जाहिरातीचा सीटीआर 6 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आला." आकडा निम्मा झालेला, लाल रंगात, बघणारा दचकायचाच. त्या जाहिरातीवरचा महिन्याचा खर्च मात्र चार हजार रुपये. त्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर पन्नास हजारांची गळती निवांत पडलेली असायची.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा व्यावसायिक आहे. महिन्याचा जाहिरात खर्च 2,40,000 रुपये, आणि एका फोनमागे 600 रुपये त्याला परवडतात. तुमचा मुद्दा बहुधा असा असेल: "ब्रॉड मॅचमुळे नको ते क्लिक येत आहेत, कीवर्ड सुधारण्याची गरज आहे." यात दिसलेलं, त्याचं कारण आणि उपाय एकाच वाक्यात कालवलेत, आणि रक्कम कुठेच नाही. मी तो असा लिहीन:

निरीक्षण: नवीन फिल्टर विकत घेऊ पाहणाऱ्यांच्या सर्चवर 62,000 रुपये गेले, 13 फोन आले.

कारण: दोन कीवर्ड ब्रॉड मॅचवर आहेत. Search terms मध्ये त्यांच्याखाली "किंमत", "नवीन", "buy" असे शब्द दिसतात.

कृती: हे शब्द निगेटिव्ह यादीत टाकायचे. मी सोमवारी करते. दोन आठवड्यांनी याच सर्चवरचा खर्च पुन्हा मोजू.

निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून धरत नाही. "buy" टाकलं म्हणून "खरेदी" अडत नाही, तो वेगळा टाकावा लागतो. आपल्याकडे लोक मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून शोधतात, त्यामुळे ही यादी वाटते त्यापेक्षा लांब होते.

आता क्रम. प्रत्येक मुद्द्याखाली झालेल्या खर्चातून आलेले फोन गुणिले परवडणारा दर वजा करायचा. इथे 62,000 वजा 7,800, म्हणजे 54,200 रुपये पणाला लागलेत. दुसरा मुद्दा लोकेशनचा. सेटिंग Presence or interest वर असल्यामुळे पुण्याबाहेरच्या लोकांवर 21,000 गेले आणि 5 फोन आले. ते पाचही खरे होते, पुण्यातल्या आईबाबांसाठी बंगळुरूहून फोन करणारी मुलं वगैरे. म्हणून सगळा खर्च वाया धरायचा नाही, 3,000 वजा करून 18,000 धरायचे. सीटीआरवाल्या जाहिरातीचे 4,000 आणि 4 फोन, म्हणजे उरले 1,600. ती गेली तळाला.

बजेट संपल्यामुळे हुकलेल्या फोनची रक्कम या क्रमात घालू नका. गळतीचे पैसे खर्च झालेले असतात, हुकलेली संधी हा अंदाज असतो. तिची यादी वेगळी करा आणि वर "अंदाज" असं स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त चुका कारणाच्या ओळीत होतात. एकदा मी लिहिलं, "फोन कमी झाले, कारण स्पर्धा वाढली." क्लायंट म्हणाला, "मॅडम, आमचा फोन तर थांबतच नाहीये." वेबसाइट नव्याने केलेली आणि त्यात कॉल बटणावरचा ट्रॅकिंग कोड उडालेला. हे आधीच कळायला हवं होतं. स्पर्धा वाढली असती तर क्लिक महागले असते किंवा इम्प्रेशन घटले असते. इथे क्लिक आणि खर्च जागच्या जागी होते, फक्त कन्व्हर्जन सगळ्या कॅम्पेनमध्ये एकाच तारखेला कोसळलेलं. Change history मध्येही काही सापडलं नाही, कारण तिथे अकाउंटमधले बदल दिसतात, वेबसाइटचे नाहीत. तेव्हापासून कारण दुसऱ्या एखाद्या रिपोर्टमध्ये पडताळता आलं तरच मी ठामपणे लिहिते, नाहीतर "शक्यता" लिहिते आणि कृतीच्या ओळीत ते कसं तपासणार ते टाकते.

मोजणीतच बिघाड असला, तर तो मुद्दा अर्थातच पहिला. दुरुस्तीला दोनशे रुपये लागोत, पण त्यावर पूर्ण 2,40,000 अवलंबून असतात. बोली आपोआप लागत असेल तर गूगलही त्याच चुकीच्या आकड्यांवर बोली ठरवत असतं. शिवाय तो दुरुस्त होईपर्यंत खालच्या मुद्द्यांतले "13 फोन", "5 फोन" हेही भरवशाचे नाहीत, म्हणून त्या महिन्यात मी बाकीच्या रकमा लिहीतच नाही.

साधारण पाच मुद्द्यांनंतर मी थांबते. उरलेले "इतर नोंदी" म्हणून शेवटच्या पानावर, एकेका ओळीत. सीटीआर तिथेच असतो.