दहा अलार्ममधला पहिला कोणता?

प्रश्न: कॉम्प्रेसर ट्रिप झाला की स्क्रीनवर एकदम दहा-बारा अलार्म येतात. सुरुवात नेमकी कशाने झाली हे कसं ओळखायचं? स्काडातल्या वेळेवर विश्वास ठेवायचा का?

उत्तर:

नाही ठेवायचा, निदान सेकंदाच्या आतल्या क्रमासाठी तरी नाही. मी दीड महिना ठेवला आणि त्या नादात एक चांगला ऑइल पंप उघडला.

दक्षिण गोव्यातल्या एका मासळीच्या फ्रीझिंग प्लांटमध्ये मी मेंटेनन्स बघत होतो. अमोनियाचा पिस्टनवाला कॉम्प्रेसर, ऑइल पंप त्याच्याच शाफ्टवर. जुलैअखेर मासेमारी बंदी संपते आणि ऑगस्टपासून माल येऊ लागतो. मशीन नेमकं तेव्हाच रात्री-अपरात्री बंद पडायला लागलं. स्काडाच्या यादीत दर वेळी सर्वांत वर 'ऑइल प्रेशर लो'. त्याखाली ब्लास्टचे पंखे, ब्राइनचं तापमान वगैरे शेपूट. रात्रपाळीचा मुलगा फोन करायचा, "सर, परत ऑइलच." आम्ही फिल्टर बदलला, तेल बदललं, शेवटी पंप खोलला. आत काहीच नव्हतं.

आता जरा विचार करा. पंप शाफ्टवर आहे. मशीन कुठल्याही कारणाने थांबलं तरी एक-दोन सेकंदांत तेलाचा दाब पडणारच. म्हणजे ऑइलचा अलार्म हा मशीन थांबल्याचा परिणामही असू शकतो. मग खरं कारण यादीत त्याच्या वर का दिसलं नाही? कारण आमचा स्काडा पीएलसीकडून सेकंदाला एकदा माहिती घ्यायचा आणि वेळेचा शिक्काही स्वतःच मारायचा. कंडेन्सरच्या पाण्याचा फ्लो स्विच अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ उघडून परत मिटत होता. पीएलसी दर 20 मिलिसेकंदांनी इनपुट बघतो; त्याला ते दिसलं आणि त्याने मोटर सोडली. स्काडा पुढच्या फेरीला आला तेव्हा स्विच पुन्हा साळसूद. म्हणजे खरा गुन्हेगार यादीत उशिरा आला असं नव्हे, तो यादीत आलाच नव्हता.

म्हणून पहिला ट्रिप पीएलसीतच पकडून धरायचा. आम्ही सहा इनपुट एका वर्डमध्ये आणले: बिट 0 ऑइल, 1 डिस्चार्ज प्रेशर, 2 मोटर ओव्हरलोड, 3 फ्लो स्विच, 4 इमर्जन्सी स्टॉप, 5 मोटर चालू असल्याचा फीडबॅक. सगळे संपर्क सुरक्षित पद्धतीचे, म्हणजे सगळं ठीक असताना 1 आणि ट्रिपला 0. वायर तुटली तरी ट्रिपच.

```
TripNow := (NOT InWord) AND EnableMask;
IF (TripNow <> 16#0000) AND (FirstOut = 16#0000) THEN
  FirstOut := TripNow;
END_IF;
IF ResetPB AND (TripNow = 16#0000) THEN
  FirstOut := 16#0000;
END_IF;
```

युक्ती एवढीच की `FirstOut` रिकामा असेल तरच त्यात लिहायचं. एकदा भरला की मागून येणाऱ्यांना दार बंद.

यात एका गोष्टीवर मी अडून बसेन: क्रमांक साठवू नका, अख्खा वर्ड साठवा. बरेच जण प्रोग्रामच्या सहा ओळी एकाखाली एक लिहितात आणि ज्याची ओळ आधी, त्याचा क्रमांक धरतात. दोन ट्रिप एकाच स्कॅनमध्ये आले तर तिथे वरची ओळ जिंकते. तो क्रम प्रोग्राम लिहिणाऱ्याचा असतो, मशीनचा नव्हे. वर्डमध्ये दोन्ही बिट दिसतात आणि 20 मिलिसेकंदांच्या आत काय आधी झालं हे आपल्याला माहीत नाही, एवढं प्रामाणिकपणे कळतं. त्याहून बारीक हवं असेल तर इनपुट कार्डच वेळेचा शिक्का मारणारं लागतं. वीज केंद्रांत घटनांचा क्रम 1 मिलिसेकंदापर्यंत नोंदतात तो तसाच. कॉम्प्रेसरला त्याची गरज क्वचितच पडते.

कोणती बिटं सध्या मोजायची हे ठरवणारा `EnableMask` मात्र सगळ्यांना छळतो. मशीन बंद असताना ऑइल प्रेशर नसणारच, म्हणून ते बिट मशीन सुरू होऊन दाब तयार झाल्यावरच मास्कमध्ये घ्यायचं; बिट 5 चंही तसंच, मोटर सुरू होऊन फीडबॅक आल्यावरच. नाहीतर बंद मशीनवर `TripNow` कधी शून्यच होत नाही आणि रीसेट दाबून दाबून ऑपरेटरचं बोट दुखतं. आणि हा तुकडा मोटर थांबवणाऱ्या लॉजिकच्या आधी ठेवा. नंतर ठेवलात तर आधी मोटर सुटते, तिच्याबरोबर मास्क जातो आणि खऱ्या ऑइल ट्रिपवरच पडदा पडतो.

बिट 5 कशासाठी, असं विचाराल. काही सेफ्टी थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये जोडलेल्या असतात, पीएलसीला न विचारता मोटर सोडतात. तेव्हा पीएलसीला एवढंच दिसतं की आपण चालू ठेवायला सांगितलं होतं आणि फीडबॅक गेला. पहिलं बिट 5 आलं की प्रोग्राम सोडून कॉइलच्या वायरिंगकडे जायचं.

डिले टायमरही फसवतात. फ्लो स्विचवर 3 सेकंदांचा डिले आणि त्याच्या परिणामावर शून्य, असं असेल तर परिणाम आधी नोंदला जातो. म्हणून मशीनला ट्रिप डिलेनंतर द्या, पण डिलेआधीचं कच्चं बिट कधी पडलं त्याची वेळ शेजारी ठेवा. आमच्या फ्लो स्विचवर डिले अजिबात नव्हता, म्हणून तर तो क्षणभर उघडला तरी मशीन जायचं.

प्रोग्राम टाकल्यावर तपासणी चालू मशीनवर नाही, कॉन्टॅक्टरची पॉवर काढून आणि फीडबॅक खोटा देऊन केली. टर्मिनलवर एकेक वायर क्षणभर काढायची आणि `FirstOut` बघायचं. चौथ्या रात्री फोन आला, मुलाला रीसेट करू नको म्हणून बजावलं होतं. स्क्रीनवर `16#0008`. म्हणजे फक्त बिट 3.

सकाळी फ्लो स्विचचा जंक्शन बॉक्स उघडला. ग्लँड वरच्या बाजूला, पावसाचं पाणी आणि खारी हवा आत गेलेली, टर्मिनलचा स्क्रू हिरवा पडलेला. शेजारच्या पंपाची थरथर लागली की वायर क्षणभर सुटायची. टर्मिनल बदललं, ग्लँड खाली घेतली आणि मगच स्विचवर 2 सेकंदांचा डिले टाकला. आधी डिले टाकला असता तर मशीन चाललं असतं आणि टर्मिनल तसंच कुजत राहिलं असतं, पुढे वायर कायमची सुटेपर्यंत.

नंतर एकदा ट्रिप आला तेव्हा `FirstOut` होता `16#003F`, सहाच्या सहा बिटं एकाच स्कॅनमध्ये. सहा गोष्टी एकदम बिघडत नाहीत. इनपुटना जाणाऱ्या 24 व्होल्टचा फ्यूज होल्डर सैल होता. तो सापडायला दहा मिनिटं लागली.