बी.ए. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवलं तर क्रेडिट्स खरंच टिकतात का?

*"बहिणीचं तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष झालं, अमरावती विद्यापीठ. 2024 ला ॲडमिशन होती. आता लग्न ठरलंय, सासर नागपूरकडे. दोन विषय राहिले आहेत. कॉलेजवाले म्हणतात क्रेडिट बँकेत जमा आहे, कधीही परत या. खरं आहे का?"*

अर्धं खरं आहे, भाऊ. जमा राहतं, पण 'कधीही' नाही. मी अशाच एका तालुक्याच्या कॉलेजात परीक्षेचं काम बघतो, म्हणून जरा खुलासेवार सांगतो.

महाराष्ट्रात नव्या रचनेत बी.ए.च्या एका सत्राला साधारण 22 क्रेडिट असतात, म्हणजे वर्षाला 44 आणि तीन वर्षांच्या पदवीला 132. क्रेडिट मिळतं ते विषय पास झाल्यावर, नुसतं वर्गात बसून नाही. समजा बहिणीचं पहिलं सत्र पूर्ण निघालं आणि दुसऱ्यात एक 4 क्रेडिटचा आणि एक 2 क्रेडिटचा विषय राहिला. मग खात्यात 22 अधिक 16, म्हणजे 38 क्रेडिट. हे 38 कुठं जात नाहीत. पण एका वर्षानंतर बाहेर पडताना जे प्रमाणपत्र मिळतं, ते एवढ्यावर मिळणार नाही. आधी ते दोन विषय काढावे लागतील. शिवाय बाहेर पडणाऱ्याला 4 क्रेडिटचा एक कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. ही गोष्ट कॉलेजात फार कमी जण आपणहून सांगतात. पोरी कॉलेजला येणं बंद करतात आणि घरचे समजतात, झाली 'एक्झिट'. तसं होत नाही, रीतसर अर्ज द्यावा लागतो.

बँक म्हटलं की लोकांना वाटतं आपणच जाऊन पैसे भरावेत तसं काही असेल. इथं विद्यार्थी स्वतः एकही क्रेडिट भरू शकत नाही. निकाल लागल्यावर विद्यापीठ ते अपार आयडीच्या 12 अंकी क्रमांकावर चढवतं, आणि ते डिजिलॉकरमध्ये किंवा abc.gov.in वर दिसतं. म्हणून कॉलेजच्या तोंडी शब्दावर राहू नका. बहिणीच्या मोबाईलवर डिजिलॉकर उघडा आणि दोन्ही सत्रं दिसतात का ते बघा. खातं उघडलंय पण आत काहीच नाही, हा प्रकार आमच्याकडं नेहमीचा आहे. बहुतेक वेळा कारण नावाचं असतं: बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव गळालेलं, कुठं जन्मतारीख वेगळी. कधी परीक्षेच्या फॉर्मवर आयडीचा एखादा आकडाच चुकलेला असतो. मार्कशीट, आधार आणि आयडीची छापील प्रत घेऊन कॉलेजात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आता मुदत. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची. 2024 ची ॲडमिशन असल्यामुळं, 2025 ला बाहेर पडली असं धरलं तर 2028 पर्यंत परत प्रवेश आणि 2031 पर्यंत पदवी. बँकेतलं क्रेडिटही जास्तीत जास्त सात वर्षंच चालतं. मूल थोडं मोठं झालं की बघू म्हणता म्हणता 2028 निघून जातं, म्हणून ही तारीख सासरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा.

नागपूर विद्यापीठात पुढं शिकता येईल का? नियमात बसतं. ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथून निम्मे तरी क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. 132 चे निम्मे 66. अमरावतीचे 44 नेले तर उरलेले 88 नागपूरला होतात, अडचण नाही. हेच दोन वर्षं इथं करून 88 घेऊन गेली असती तर तिथं 44 च उरले असते, आणि निम्म्याची अट अडली असती. त्यामुळं विद्यापीठ बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतरच सोयीचं, हे माझं मत. पण जमा क्रेडिट म्हणजे हक्काची जागा नव्हे. तिथलं कॉलेज विषय जुळवून बघेल. तिचा मुख्य विषय तिथं नसेल तर काही क्रेडिट खात्यात असूनही उपयोगी पडणार नाहीत. टी.सी. काढायच्या आधी त्या कॉलेजात मार्कशीट दाखवून विचारा.

आणि लग्नानंतर लगेच आधारवर नाव बदलण्याची घाई करू नका. राहिलेल्या दोन विषयांचा निकाल लागून त्याचे 6 क्रेडिट खात्यात दिसू द्या, मग बदला. नंतर नव्या कॉलेजात प्रवेश घेताना विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, जुनं आणि नवं नाव एकाच मुलीचं आहे हे त्यावरून दाखवता येतं.