९२५ चा शिक्का असला म्हणजे चांदी खरी समजायची का?

प्रश्न: इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून भावासाठी चांदीचं कडं आणि माझ्यासाठी पैंजण घेतले. दोन्हीवर ९२५ चा शिक्का आहे, पण मैत्रीण म्हणते नुसतं पॉलिश असेल. घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि पुढच्या वेळी भरवशाचा दुकानदार कसा शोधायचा?

उत्तर:

आमच्या घरी हुपरीला पैंजणांचं काम चालतं आणि मी कोल्हापुरात गुजरीतल्या एका दुकानात बसतो, त्यामुळे असे शिक्के रोज हाताखालून जातात. नुसत्या ९२५ वर विश्वास ठेवू नका. तो आकडा उमटवायचा पंच कुणालाही विकत मिळतो आणि पितळेवरही तितकाच स्वच्छ उमटतो. तो आकडा म्हणजे विकणाऱ्याचा दावा आहे. त्याची तपासणी कुणीतरी तिसऱ्याने केलेली असेल, तरच त्याला हॉलमार्क म्हणायचं.

चांदीवर १ सप्टेंबर २०२५ पासून नवी पद्धत आहे. बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह आणि त्यासोबत 'सिल्व्हर' हा शब्द, मग शुद्धतेचा आकडा (८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० किंवा ९९९), आणि मग इंग्रजी अक्षरं व आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. हा सहा खुणांचा क्रमांक प्रत्येक डागाला, म्हणजे दागिन्याला, वेगळा असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप उघडून Verify HUID मध्ये तो टाका. वस्तू कोणती, शुद्धता किती, हॉलमार्क कधी झाला आणि कोणत्या केंद्रात, हे समोर येतं. तिथे 'अंगठी' दिसली आणि हातात पैंजण असले, तर क्रमांक दुसऱ्याच डागाचा उचलला आहे, हे लगेच कळतं. म्हणून 'क्रमांक सापडला' एवढ्यावर थांबू नका, वस्तूचं नाव जुळवून बघा. सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या मालावर एचयूआयडी नसतो. त्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण अशा चार गोष्टी असतात.

सोन्यासारखी चांदीवर हॉलमार्कची सक्ती नाही, ती ऐच्छिक आहे. त्यामुळे हॉलमार्क नाही म्हणून माल खोटाच, असं म्हणता येत नाही. आमच्याकडचे कितीतरी चांगले पैंजण बिनहॉलमार्कचे जातात. अशा मालाची परीक्षा वेगळ्या मार्गाने करावी लागते.

घरी लोक जे करतात त्यातलं बरंचसं अर्धवट आहे. लोहचुंबक लावून बघतात. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे, एवढंच ठरतं. तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच चिकटत नाही, आणि नकली माल बहुतेक यांचाच असतो. उलट खऱ्या चांदीच्या साखळीचा आकडा चिकटू शकतो, कारण त्यातली बारीक स्प्रिंग पोलादी असते. बर्फाचा तुकडा ठेवतात. चांदीवर तो झरझर वितळतो हे खरं, पण तांब्यातूनही उष्णता जवळजवळ तेवढीच वाहते, म्हणजे तांब्यावर मुलामा दिलेला डागही या परीक्षेत पास होतो. काळं पडतं म्हणजे चांदी, असंही म्हणतात. हवेतल्या गंधकामुळे वरचा चांदीचा थर काळा पडतो, मग खाली काहीही असो. आणि ऱ्होडियमचं पॉलिश केलेली खरी चांदी तर बराच काळ काळी पडतच नाही.

डोळ्यांनी बघायची जागा एकच, घासणाऱ्या कडा. पैंजणाचा आकडा जिथे कडीत अडकतो ती जागा, तोड्याच्या फिरकीचे आटे, अंगठीची आतली बाजू. भिंग घेऊन उजेडात बघा. वापरलेल्या मुलाम्याच्या मालाला तिथे बहुतेकदा पिवळी किंवा तांबूस झाक दिसते. नवा डाग असेल तर मात्र तिथेही काही दिसणार नाही.

घरी करण्यासारखी, खरोखर उपयोगाची परीक्षा एकच, पाण्यातलं वजन. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा. स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही. आधी डाग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. डाग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल, तेवढे घनसेंटिमीटर डागाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदीला उत्तर १०.४९ येतं, ९२५ ला साधारण १०.३५ च्या आसपास. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या अलीकडे-पलीकडे, जस्त-कथलाचे हलके मिश्रधातू सात-साडेसात.

गेल्या दिवाळीनंतर एक कॉलेजचा मुलगा असंच ऑनलाइन घेतलेलं भरीव कडं घेऊन आला. शिक्का ९२५, झळाळी उत्तम, चुंबकाला नाही. कोरडं वजन ४१.६० ग्रॅम. ते ९२५ असतं तर पाण्यात काट्याने ४.०२ च्या जवळ दाखवायला हवं होतं. दाखवलं ४.८५. भागाकार आला ८.५८. मग त्याला विचारून आतल्या बाजूला कानशीचा एक घाव मारला. पांढऱ्या कातडीखाली लख्ख पिवळं निघालं, पितळ होतं. त्या मुलाने मोबाइलवर बिल दाखवलं, त्याबद्दल खाली सांगतो.

पाण्याच्या परीक्षेला मर्यादा आहेत. पोकळ डाग, लाख भरलेला, खड्यांचा किंवा मीनाकामाचा डाग यांना ती लागू पडत नाही, आकडा कमीच येणार. तुमच्या पैंजणांना घुंगरू असतील तर त्यांत हवा अडकते, आणि आत वाजायला दुसऱ्याच धातूचे मणी असतात. कडं भरीव असेल तर त्याचं उत्तर भरवशाचं येईल. डागाला बुडबुडे चिकटले तरी उत्तर चुकतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाका आणि डाग हलकेच हलवा. जोडवी किंवा नथीची तार अशा दोन-तीन ग्रॅमच्या वस्तूंना हा उपाय करू नका, काट्याचीच चूक मोठी पडते.

आणखी एक गोष्ट पाण्यात कळत नाही, ती म्हणजे टंच, शंभरात चांदी किती. माझ्या मते पैंजण घेणाऱ्यांची खरी फसवणूक मुलाम्यापेक्षा इथे जास्त होते. सत्तर टंचाचा, बाकी तांब्याचा पैंजण पाण्यात दहाच्या जवळपासच येतो, म्हणजे ९२५ पेक्षा थोडासाच कमी, आणि घरच्या काट्यावर तो फरक हातून निसटतो. तो नकली नसतो, चांदीच असते, पण कमी. असा माल 'मजुरी घेत नाही' म्हणून पूर्ण चांदीच्या भावाने विकला जातो, आणि मोडायला गेल्यावर सत्तर टंचाचेच पैसे हातात पडतात.

टंच कळायला दुकानातलं मशीन लागतं. एक्स-रे मारून ते दोन मिनिटांत टक्के सांगतं, पण बघतं वरचा थरच. जाड मुलामा असेल तर मशीनही खुशाल चांदी दाखवतं. म्हणून कानशीने छोटी खाच पाडून त्या खाचेवर मशीन लावायला सांगा, किंवा खाचेवर तेजाबाचा थेंब टाकून घ्या. पितळ-तांबं असेल तर हिरवा फेस येतो, चांदीवर दुधट-राखाडी चट्टा पडतो. हे तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड, ते घरी आणून वापरू नका. डाग मौल्यवान असेल तर बीआयएसने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रात जा. फी भरून कुणालाही स्वतःचा डाग तपासून मिळतो.

आता बिलाचं. त्या मुलाच्या बिलावर वस्तूचं नाव 'सिल्व्हर कडा' असंच होतं, पण शेजारी करासाठी मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड होता ७११७. चांदीच्या दागिन्यांचा कोड ७११३ आहे. ७११७ म्हणजे इमिटेशन ज्वेलरी, मग त्यावर चांदीचं पाणी असो वा नसो. पेजवर काहीही लिहिलं तरी करासाठी बरेचसे विक्रेते खरा कोड टाकतात. तुमचं बिल आत्ता उघडून तेवढं बघा. 'सिल्व्हर प्लेटेड', 'सिल्व्हर टोन', 'जर्मन सिल्व्हर', 'ऑक्सिडाइज्ड' यांतला शब्द वर्णनात कुठे खाली बारीक अक्षरात आहे का, तेही बघा. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त. ऑक्सिडाइज्ड हा फक्त काळा रंग आहे, तो खऱ्या चांदीवरही देतात आणि पितळेवरही. बिलच दिलं नसेल, तर माझ्या लेखी उत्तर मिळालं.

किंमतही ताडून बघा. त्या दिवसाचा चांदीचा भाव गुणिले वजन गुणिले ०.९२५, एवढी तर नुसत्या धातूची किंमत झाली. त्यावर मजुरी आणि तीन टक्के जीएसटी. मागितलेली रक्कम धातूच्या किमतीहूनही कमी असेल तर ती चांदी असूच शकत नाही, सेल कितीही मोठा असो.

दुकानदार पारखताना मी मोठा बोर्ड आणि जुनं नाव यांच्यापेक्षा एका प्रश्नाला जास्त महत्त्व देतो. घ्यायच्या आधी विचारा, 'हाच डाग उद्या मोडायला आणला तर किती टंच धराल, आणि ते बिलावर लिहून द्याल का?' जो खरा माल विकतो त्याला हे लिहायला अडचण नसते. तो निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींत मांडतो. 'आपल्यात लिहायची काय गरज' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, ओळखीचा असला तरी. नोंदणीकृत सराफांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. हॉलमार्कचा माल शुद्धतेत कमी भरला तर जेवढी चांदी कमी त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, असा २०१८ च्या बीआयएस नियमांत हक्क आहे. बिनहॉलमार्कच्या मालाला हा नियम लागत नाही, तिथे तुमच्या हातात बिलावर लिहिलेलं टंचच असतं.

तुमच्या बाबतीत आधी बिलावरचा कोड बघा, मग कडं पाण्यात तोला. दोन्हींत खोट निघाली तर कडं कुणाकडून कानशीने घासून घेऊ नका. शिक्क्याचा फोटो, पेजवर चांदी म्हणून लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून आधी विक्रेत्याकडे पैसे परत मागा, आणि नाही दिले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घाव पडलेला डाग 'तुम्हीच खराब केला' म्हणून परत घेत नाहीत.